डॉलरची मिळकत, येनचं कर्ज

"जपानी पैसा म्हंजे बर्फ हाय, आप्पा. फेडायची घाई करायची न्हाय. ठेवला तेवढा वितळतो."

अण्णा हे काचेच्या केबिनमधून बोलले आणि दोघंही हसले. दार उघडंच होतं. माझं टेबल दाराच्या बाहेर, प्रिंटरला लागून. मी निर्यातीची बिलं लावत होते. वर बघितलं नाही, पण वाक्य नीट ऐकलं. कर्ज वितळतं, असं मी तोपर्यंत कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझ्या पप्पांचे थोरले भाऊ. उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, त्यांची शेड आहे. ओतीव लोखंडाची कास्टिंग आणून त्याचे पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग करायचे आणि अमेरिकेला पाठवायचे, हा धंदा. आप्पा म्हणजे त्यांचे निपाणीचे भागीदार, तंबाखूच्या घरातले. आमच्याशी नात्याने काही नाहीत, पण सगळे त्यांना आप्पाच म्हणतात. अण्णांचं लोखंड, आप्पांचा पैसा, असं पप्पा घरी सांगायचे.

मी एमबीए करून आले तेव्हा अण्णा पप्पांना म्हणाले, "पोरीला बाहेर कशाला पाठवतोस? ऑफिसात बसंल." मला विचारलं नाही, आणि मीही काही म्हटलं नाही. मी कॅम्पातल्या इंग्रजी शाळेत शिकले. पप्पा आयुष्यभर मराठी शाळेत मास्तर होते, पण मला मात्र त्यांनी इंग्रजीत घातलं. त्यामुळे चारचौघांत तोंड उघडायच्या आधी मी वाक्य मनात दोनदा फिरवून बघते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. शेडमधले लोक मला "मॅडम" म्हणत, अण्णा "आमची इंग्लिश" म्हणत. मला राग येत नसे. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक बरंच बोलतात, हे मला लवकर कळलं होतं.

बर्फाचा हिशेब असा होता. आदल्या नोव्हेंबरात आम्ही जपानहून एक मोठं मशीन आणलं. पैसे रोख द्यायची आमची ताकद होती. निपाणीतलं एक जुनं गोदाम विकून आप्पांनी रक्कम तयार ठेवली होती. पण बँकेने सुचवलं की कशाला देता? आम्ही हमी देतो, परदेशातली बँक तुमच्या वतीने जपान्याला पैसे देईल, तुम्ही तीन वर्षांनी येनमध्येच फेडा. सगळा खर्च धरून वर्षाला दोन टक्के. आपल्याकडे त्या दराने घरचासुद्धा देत नाही.

पाच कोटी येन. तेव्हा शंभर येनला पंचावन्न रुपये पडत होते, म्हणजे पावणेतीन कोटी. आणि वाचलेले पावणेतीन कोटी आप्पांनी जानेवारीत निपाणीला नेऊन तंबाखूच्या व्यापाऱ्यांना सव्वा टक्का महिन्याने दिले. वर्षाचे पंधरा. दोनने घ्यायचं, पंधराने द्यायचं.

त्यावर आणखी गंमत म्हणजे येन पडत होता. जूनअखेर शंभर येनला बावन्नच रुपये लागायला लागले. म्हणजे पावणेतीन कोटींचं कर्ज आमच्या हातून एक रुपया न देता दोन कोटी साठ लाखांवर आलं. बर्फ म्हणत होते ते हेच. त्याच आठवड्यात दुसऱ्या मशीनचे कागद आले आणि अण्णांनी आणखी पाच कोटी येन उचलले. त्या मशीनसाठी बाजूला ठेवलेली रक्कमही निपाणीला गेली.

उद्यमबागेत शनिवारी चार वाजता पाच-सहा कारखानदार आमच्याकडे चहाला जमत. एकाने विचारलं, "अण्णा, आम्हालाबी शिकवा की हे जपानी." अण्णा म्हणाले, "शिकायचं काय त्यात? स्वस्त तिथं घे, महाग तिथं दे. तुझी बायको भाजी अशीच आणती की." सगळे हसले. मीही कागदाकडे बघत हसले असेन.

पण एक गोष्ट मला जानेवारीपासून टोचत होती, आणि ती माझ्याच अक्षरात होती.

दर तीन महिन्यांनी बँकेला एक पत्रक द्यावं लागतं. परकी चलनात तुमचं देणं किती, त्यातलं किती सुरक्षित केलंय, किती उघडं आहे. चलनाचा भाव उलटला तर धक्का किती बसेल, हे बँकेला त्यावरून कळतं, आणि उघडं जास्त असेल तर बँक व्याज वाढवते. जानेवारीत ते पहिल्यांदा माझ्याकडे आलं. मी अण्णांना विचारलं, "ह्या रकान्यात काय लिहू?"

"लिही, निर्यातीनं झाकलंय."

"सगळं?"

"आपण एक्स्पोर्ट करतोय का न्हाय? परदेशातनं पैसा येतोय का न्हाय? मग परदेशाचं कर्ज परदेशाच्या पैशानं फिटतंय. झालं की."

आमचा पैसा येत होता डॉलरमध्ये. कर्ज होतं येनमध्ये. डॉलर जिथल्या तिथे राहून येन एकटाच चढला, तर आमच्या डॉलरचा काही उपयोग नव्हता. उलट तेवढेच येन घ्यायला जास्त डॉलर लागले असते. हे मला त्याच क्षणी दिसलं. पण अण्णांचे दोन्ही हात फोनवर होते, दाराशी ड्रायव्हर उभा होता, आणि माझं वाक्य अजून मनात फिरत होतं. मी लिहिलं, "निर्यातीने झाकलेले". एप्रिलमध्ये तेच. जुलैत रक्कम दुप्पट झाली तरी तेच. सही अण्णांची असे, पण "तयार करणार" म्हणून खाली माझं नाव टाइप केलेलं असे.

एकदा, मे महिन्यात, मी बँकेच्या परकी चलन विभागातल्या मॅडमना फोन केला. त्या धारवाडकडच्या, कन्नड घरातल्या, पण मराठी आमच्यासारखीच बोलत. विचारलं की येनचा पुढच्या वर्षीचा भाव आजच ठरवून घेतला तर काय पडेल. त्यांनी आकडा सांगितला, वर्षाला साधारण सहा टक्के. मी आकडा परत विचारला, तशा त्या म्हणाल्या, "तेवढंच असणार की गं. तिकडलं व्याज कमी, इकडलं जास्त, मधला फरक ह्यात निघतो. फुकट कोण देतंय?"

ते मला पुस्तकातही भेटलं होतं, पण समजलं तेव्हा. येन स्वस्त नव्हता. त्याची किंमत दोन भागांत होती. एक व्याजात दिसत होती, दुसरी भाव ठरवून घ्यायला गेलं तरच दिसत होती. दुसरी न देता फक्त पहिली दिली, म्हणजे नफा झाला नव्हता, जोखीम अंगावर घेतली होती.

आमच्या बाबतीत तर तेही परवडलं असतं. दोन अधिक सहा, आठ टक्के. निपाणीचे पंधरा. सात उरले असते. हे मी एका कागदावर लिहून अण्णांच्या टेबलावर ठेवलं. बोलण्यापेक्षा मला ते सोपं होतं. त्यांनी तो वाचला. संध्याकाळी बाहेर येऊन कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हिशेब बरोबर हाय तुझा. पण सहा टक्के कुणाच्या घशात घालायचं म्हंतीस? येन खाली चाललाय बाई. खाली जाणाऱ्या वस्तूचा कोण इमा काढतं?"

मी तो कागद जपून ठेवला. आता वाटतं, ठेवण्यापेक्षा तेव्हा दोन वाक्यं बोलले असते तर बरं झालं असतं.

जुलैच्या शेवटच्या दिवशी जपानच्या मोठ्या बँकेने व्याज वाढवलं. वाढवलं म्हणजे किती, आपल्याकडे कुणी वळून बघणार नाही इतकंच. त्याच आठवड्यात अमेरिकेतून नोकऱ्या मंदावल्याच्या बातम्या आल्या, आणि तिथलं व्याज उतरणार असं लोक म्हणू लागले. तिकडे ज्यांनी ज्यांनी येन घेऊन दुसरीकडे पैसे लावले होते त्या सगळ्यांना एकदम येन चढायची भीती वाटली. लावलेलं विकायचं आणि येन विकत घेऊन फेडून टाकायचं. तंबाखूत सगळ्यांनी एकदम माल बाहेर काढला की भाव पडतो, हे आप्पा नेहमी सांगत. इथे उलटं होतं. सगळ्यांना एकदम विकत घ्यायचं होतं. घेतील तसा येन चढला, आणि चढला म्हणून मागे थांबलेल्यांनाही पळत येऊन घ्यावं लागलं. त्या गर्दीतल्या कुणालाही उद्यमबागेतल्या आमच्या शेडचा पत्ता नव्हता, पण भाव आमचाही तोच.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मी साडेनऊला ऑफिसात आले आणि भाव बघितला. शंभर येनला साडेअठ्ठावन्न. मला वाटलं पान चुकलंय. दुसरीकडे बघितलं. तेच.

मग कागद घेऊन बसले. पंचावन्नला घेतलेल्यावर साडेसतरा लाख तोटा. बावन्नला घेतलेल्यावर साडेबत्तीस. दोन्ही मिळून पन्नास. पहिल्या रकमेवर निपाणीतून सात महिन्यांचं चोवीस लाख व्याज झालं होतं, तेही कागदावरच, कारण ते मुद्दलाबरोबर येणार. दुसरी रक्कम देऊन तर महिनाच झाला होता. सात महिन्यांत मिळवलेलं एका आठवड्यात गेलं होतं, आणि वर तेवढंच आणखी.

अण्णा अकराला आले. मी कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला.

"चार दिसांत उतरंल," ते म्हणाले.

दोन दिवसांनी बँकेचं पत्र आलं. हमीची आमची मर्यादा रुपयांत ठरलेली होती, साडेपाच कोटी. दहा कोटी येन बावन्नच्या भावाने पाच कोटी वीस लाख होत होते, म्हणून आत बसत होते. आता तेच पाच कोटी पंच्याऐंशी लाख झाले. आम्ही नवीन काहीही घेतलं नव्हतं, तरी मर्यादेच्या पस्तीस लाख वर गेलो होतो. तेवढी रक्कम आठ दिवसांत जमा करा, असं पत्रात होतं. खाली नेहमीसारखा कन्नडमधला शिक्का आणि सही.

पस्तीस लाख आमच्याकडे नव्हते असं नाही. ते निपाणीला होते.

शुक्रवारी अण्णा मला घेऊन निपाणीला गेले. मला कशाला, ते सांगितलं नाही. बहुधा कागद मला ठाऊक होते म्हणून. हायवेवर ते नेहमी गाडीत बोलत राहतात. त्या दिवशी संकेश्वर येईपर्यंत ते फोनवर येनचा भाव बघत राहिले. मग म्हणाले, "आप्पापुढं पन्नासचा आकडा काढू नकोस. पस्तीसचंच बोलायचं." मी मान हलवली.

आप्पा गोदामात होते. आत पाऊल टाकलं की घशाला तंबाखू लागते. मला लागोपाठ चार शिंका आल्या आणि पोती रचणाऱ्या बायका हसल्या. आप्पांनी खुर्ची दिली, चहा मागवला, माझ्या लग्नाची चौकशी केली. मग अण्णांनी विषय काढला.

आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग उठून जवळच्या पोत्यावर थाप मारली. धूळ उडाली.

"पैसा हितं हाय, अण्णा. बघून घे. ह्यातला तुझा, त्यातला माझा. पाला भरलाय सगळ्यांनी. बिडीवाले दिवाळीला उचलत्यात, दिवाळीला देत्यात. त्याच्या आत कुणाकडं मागायचं?"

"एकदोघांकडं तर बघ. बोरगावचा तो हाय की, मोठा."

"बघायला काय. पण निपाणीत दिवाळीच्या आत दिलेला पैसा मागितला, तर लोक काय म्हंतील? आप्पा बसला. उद्या मग ज्येंनी माझ्याकडं ठेवलाय त्येबी दारात यायचे. पस्तीस मागायला जाऊन तीनशे पस्तीस उभं राह्यचं." त्यांनी हाताची धूळ झटकली. "आनि तू म्हंटलं होतंस, तीन वर्सं हात लावायचा न्हाय."

"मला काय ठाव, बर्फ वर चढतो म्हणून."

आप्पा हसले नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय गं, तू शिकलीयास. हे उतरंल का?"

अण्णा माझ्याकडे बघत होते. मला उत्तर येत होतं. उतरेल की नाही हे कुणालाच माहीत नाही, आणि ते माहीत नसताना आपण कर्ज दुप्पट केलं, चूक तिथे आहे. दुसरं असं की येन आज फेडायचा झाला तर पैसा दिवाळीपर्यंत पोत्यात आहे. आपण घेतलंय अशा माणसाकडून ज्याचा भाव रोज हलतो, आणि दिलंय अशा माणसाला जो वर्षातून एकदाच देतो. एवढं मला सलग म्हणता आलं असतं.

"सांगता येत नाही," मी म्हटलं.

"हां," आप्पा म्हणाले. "मग आमच्यासारखंच की."

येताना अण्णांनी दागिने गहाण ठेवून पस्तीस लाखांची सोय कशी करायची ते बोलायला सुरुवात केली. काकूंचे, आणि सुनेचे. बँकेत रक्कम भरली. त्याच सुमारास येन थोडा खाली आला, सत्तावन्नपर्यंत. अण्णा शनिवारच्या चहाला पुन्हा मोठ्याने बोलू लागले. "बघा, म्हंटलं होतं न्हाय?" मी हिशेब केला. त्या दिवशी सगळा येन ठरवून घेतला असता तर तोटा पस्तीस लाखांवर थांबला असता. कागद लिहिला, टेबलावर ठेवला. या वेळी तो परतही आला नाही.

सप्टेंबरच्या मध्यावर येन साडेएकोणसाठला गेला. तोटा साठ लाख. बँकेने आणखी दहा मागितले.

अण्णांनी यातून जो मार्ग काढला, तो मला पप्पांकडून कळला. टिळकवाडीत आमचा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. पप्पांच्या फंडातून घेतलेला, कुठेही गहाण नसलेला. रविवारी अण्णा घरी येऊन गेले होते म्हणे, मी आईबरोबर शहापूरला मावशीकडे गेले होते. आम्ही परत आलो तेव्हा पप्पा टेबलावर फ्लॅटचे कागद काढून बसले होते.

"अण्णाला जामीन पाहिजे," ते म्हणाले. "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. बँक मर्यादा वाढवून देणार आहे."

"कशासाठी?" आईने विचारलं.

"ते येनचं. आता महाग झालाय, म्हणजे आता उतरणारच. आता आणखी येन कर्जाने घेतला की सरासरी चांगली निघते, असं तो म्हणाला." पप्पांनी हे भूमितीचं प्रमेय पाठ म्हटल्यासारखं म्हटलं. त्यांना त्यातलं काहीही समजलेलं नव्हतं, आणि समजायची गरज त्यांना वाटली नव्हती. त्यांच्या शिक्षणाची फी अण्णांनी भरली होती. खानापूरच्या बाजूला आमचं गाव, तिथून अण्णा सातवी करून फाउंड्रीत लागले ते धाकट्याला शिकवता यावं म्हणून.

"गुरुवारी सही आहे," पप्पा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "तू तिथेच असतेस. काही धोका आहे का गं?"

त्यांनी ते ज्या आवाजात विचारलं, त्यात "नाही" हेच उत्तर मागितलेलं होतं. आई पदर खोचत आत गेली. मी म्हटलं, "मी बघते." हे वाक्य मला आधी कधीच इतकं पोकळ वाटलं नव्हतं.

सोमवार ते बुधवार मी बघितलं. पहिल्यापासूनची सगळी पत्रकं काढली. बँक मर्यादा वाढवणार होती ती कशावर? फ्लॅटवर, हे खरं. पण त्याआधी एक तपासणी होती, आणि त्या तपासणीत माझी तीन पत्रकं होती. निर्यातीने झाकलेले, निर्यातीने झाकलेले, निर्यातीने झाकलेले. चौथं सप्टेंबरचं, ते गुरुवारी बरोबर न्यायचं होतं. अण्णांनी सांगून ठेवलं होतं, "मागच्यासारखंच."

मी बुधवारी अण्णांकडे गेले. केबिनचं दार लावून घेतलं, जे मी कधी करत नाही. म्हटलं, "अण्णा, ह्या वेळी मी ते लिहिणार नाही."

त्यांनी फोन उलटा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मग नको लिहूस. मी दुसऱ्याकडनं करून घेतो."

"जे आहे ते सांगून आजच निम्मं तरी ठरवून घ्या ना. साठातले तीस जातील. शेड राहील."

"तीस लाख पाण्यात घालू म्हंतीस? चाळीस माणसं हायत माझ्याकडं." आवाज चढला नाही. "तुला भीती वाटती, ते दिसतंय. पण भीतीनं धंदा न्हाय होत. माझा भाऊ माझ्या पाठीशी हाय, तेवढं पुरं हाय मला."

मी बाहेर आले. 

इथे एक गोष्ट लिहून टाकते, कारण अण्णा ती अजून ऐकवतात. पुढे जानेवारीत येन खरंच बराच उतरला. "थांबलो असतो तर?" असं ते सणावाराला म्हणतात. मग एप्रिलमध्ये तो परत एकोणसाठच्या वर गेला, ते मात्र कुणी काढत नाही. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. गुरुवारी मला एवढंच माहीत होतं की माहीत नाही, आणि माहीत नसलेल्या गोष्टीवर आता घर लावायचं चाललंय.

गुरुवारी बँकेत आम्ही तिघं गेलो. अण्णा, पप्पा आणि मी. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, शाळेच्या तपासणीला घालत तसा. मॅनेजरच्या केबिनमध्ये त्या धारवाडकडच्या मॅडम आधीच बसल्या होत्या. मॅनेजर आणि अण्णा कन्नडमध्ये पावसाचं, धरणाचं बोलले. कॉफी आली. कागद आले. कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या.

मॅडमनी फाइल उघडली. माझी पत्रकं ओळीने लावलेली दिसली. चौथं वर होतं, कुणीतरी वेगळ्या फॉन्टमध्ये केलेलं, पण "तयार करणार" म्हणून खाली माझंच नाव होतं. ते मला सांगितलेलं नव्हतं.

"सगळं निर्यातीनं झाकलेलं आहे, असं आहे इथं," मॅडम म्हणाल्या. "हो ना, अण्णा?"

"व्हय. आपलं शंभर टक्के एक्स्पोर्ट. तुमच्याच बँकेतनं येतंय की."

मॅडमनी मान हलवली, पण पान उलटलं नाही. त्यांचा अंगठा माझ्या नावाजवळ होता. मे महिन्यातला माझा फोन त्यांना आठवत होता की नव्हता, मला अजून माहीत नाही. त्या माझ्याकडे बघत होत्या एवढं खरं.

मॅनेजरनी कागद पप्पांकडे सरकवले. "मास्तर, पहिल्यांदा तुमची. पाच ठिकाणी." पप्पांनी खिशातून स्वतःचं पेन काढलं, टोपण काढून मागे लावलं, आणि पहिल्या फुलीजवळ नेलं. ते नेहमी सही करण्याआधी पूर्ण कागद वाचतात. आम्हालाही तसंच शिकवलंय. त्या दिवशी ते वाचत नव्हते.

मी रात्री इंग्रजीत दोन-तीन वाक्यं तयार केली होती, सभ्य, कुणाला न लागणारी. त्यातलं एकही सापडलं नाही. अण्णा माझ्या इतक्या जवळ बसले होते की त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी फाइलवर हात ठेवला. चौघांनीही माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, त्या पत्रकांवर माझं नाव आहे, आणि त्यात लिहिलेलं खरं नाही. आमचे पैसे डॉलरमध्ये येतात, कर्ज येनचं आहे. दहा कोटी येनमधला एकही झाकलेला नाही. तोटा आज साठ लाखांच्या आसपास आहे, तो उद्या कमी होईल की जास्त, ते मला माहीत नाही, अण्णांनाही नाही. आजच्या भावाने निम्मं तरी ठरवून द्या, आणि नवीन कर्ज देऊ नका. पप्पा, पेन खाली ठेवा."